दुसरी, चौथी आणि सहावी ओळच का चुकली?

*नमस्कार सर. माझी मुलगी यंदा अकरावीला आहे, बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं आहे. क्लासच्या ग्रुपवर लॉजिक गेटच्या वर्कशीटचा फोटो येतो आणि त्यावरून वहीत ट्रुथ टेबल भरून द्यायचं असतं. अँड, ऑर, नॉट तिन्ही तिला पाठ आहेत. तरी या वेळी आउटपुटच्या कॉलममध्ये आठपैकी तीन ओळींवर लाल फुल्या आल्या: दुसरी, चौथी, सहावी. का, ते लिहिलेलं नाही. ती विचारते, "बाकी पाच बरोबर, मग हेच तीन काहून चुकले?" मी रामदासपेठेत एका सीए ऑफिसात अकाउंट्स बघते. मला एक्सेल येतं, गेट येत नाही. फोटो आणि वहीचं पान सोबत पाठवते. ट्यूशन लावावी का? आणि सरांशी मी बोलू, की तिलाच बोलू द्यावं?*
*– एक आई, प्रतापनगर, नागपूर*

ताई, ट्यूशनचे पैसे सध्या राहू द्या. वहीचं पान नीट पाहिलं. मुलीला गेट येतात, आणि जे सर्किट तिने मनात धरलं त्याचं उत्तर तिने अचूक काढलं आहे. फक्त ते सर्किट वर्कशीटवर नव्हतं. चूक फोटो वाचताना झाली, आणि नेमकी कुठे झाली ते त्या तीन फुल्यांवरूनच कळतं.

आधी फोटोत काय आहे ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही पुढचं समजेल. गेट म्हणजे आत आलेल्या 0 आणि 1 वरून ठरलेल्या नियमाने एक 0 किंवा 1 बाहेर देणारा भाग: अँड सगळे 1 असले तरच 1 देतो, ऑर एक जरी 1 असला तरी 1 देतो, नॉट उलटं करतो. ट्रुथ टेबल म्हणजे इनपुटच्या प्रत्येक संचाला आउटपुट काय येतं त्याचा तक्ता. वरून खाली तीन उभ्या तारा उतरतात, त्यांच्या डोक्यावर A, B, C लिहिलं आहे. त्यांच्यातून उजवीकडे चार आडव्या तारा निघतात. पहिली A वरून आणि दुसरी B वरून, या दोन्ही वरच्या अँड गेटमध्ये जातात. तिसरीही B वरूनच निघते, पण तिच्या वाटेत एक छोटा त्रिकोण आहे; त्यातून पार होऊन ती खालच्या अँड गेटमध्ये शिरते. चौथी C वरून थेट त्याच खालच्या अँडमध्ये. दोन्ही अँडची आउटपुटं एका ऑर गेटमध्ये एकत्र येतात आणि ऑरमधून बाहेर पडतो तो Y.

आता तो त्रिकोण मोबाइलवर बोटांनी मोठा करून बघा. टोकाला राखाडी धब्बा दिसतो, त्यापलीकडे काही नाही. छापील कागदावर तिथे एक लहानसा पोकळ गोल असणार, त्याला बबल म्हणतात. त्रिकोण आणि त्याच्या टोकावर बबल, हे नॉट गेटचं चिन्ह. उलटं करण्याचं काम दाखवतो तो बबलच. बबल नसलेला त्रिकोण म्हणजे बफर: आत 1 तर बाहेर 1, आत 0 तर बाहेर 0. फोटो काढताना मोबाइलची सावली नेमकी त्या कोपऱ्यावर पडली आहे, त्यात ग्रुपवर टाकताना फोटो आणखी दाबला गेला. ज्या गोलाची जाडी पेनाच्या रेघेएवढी, तो अशा वेळी सगळ्यात आधी जातो. तारा दिसतात, गेटचे मोठे आकार दिसतात, अक्षरंही वाचता येतात, म्हणून फोटो चांगलाच आहे असं वाटतं.

मुलीने तो त्रिकोण बहुतेक बाणासारखा धरला, तार या दिशेने जाते एवढं सांगणारा. वहीत तिने खालच्या अँडला सरळ B आणि C दिले आहेत. त्रिकोणाची दखल कुठेच नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. तिचा कॉलम वरून खाली 0, 0, 0, 1, 0, 0, 1, 1 असा आहे. मधलं नॉट काढून टाकलं की या सर्किटचं उत्तर अगदी हेच येतं, आठही ओळींत. बरोबर उत्तर 0, 1, 0, 0, 0, 1, 1, 1. दोन्ही शेजारी ठेवा, फरक दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीतच आहे.

आता तिचा प्रश्न: हेच तीन काहून? प्रश्न फार चांगला आहे, म्हणून याला जरा वेळ देतो. मधल्या तारांना नावं दिल्याशिवाय याचं उत्तर दिसत नाही. वरच्या अँडच्या आउटपुटला P म्हणू, नॉटच्या आउटपुटला Q, खालच्या अँडच्या आउटपुटला R. मग टेबल असं होतं:

```
A B C | P Q R | Y
0 0 0 | 0 1 0 | 0
0 0 1 | 0 1 1 | 1
0 1 0 | 0 0 0 | 0
0 1 1 | 0 0 0 | 0
1 0 0 | 0 1 0 | 0
1 0 1 | 0 1 1 | 1
1 1 0 | 1 0 0 | 1
1 1 1 | 1 0 0 | 1
```

हे आडवं भरायचं नाही, उभं भरायचं. आधी पूर्ण P: A आणि B दोन्ही 1 आहेत तिथेच 1, म्हणजे फक्त शेवटच्या दोन ओळी. मग पूर्ण Q: B चा कॉलम बघत बघत उलटा लिहायचा, बाकी कशाकडे पाहायचं नाही. मग R: आता A आणि B दोन्ही हाताने झाका, फक्त Q आणि C बघा, दोन्ही 1 कुठे? दुसऱ्या आणि सहाव्या ओळीत. शेवटी Y साठी P आणि R, दोघांपैकी एक जरी 1 असला तरी 1. उभं भरताना एका वेळी डोक्यात एकच गेट राहतं. आडवं भरलं की दर ओळीला अँड, नॉट, अँड, ऑर असा नियम चार वेळा बदलतो, आणि आठ ओळींत कुठेतरी घसरायला होतंच. तिने आडवं भरलं आहे, आणि मधले कॉलम पाडलेलेच नाहीत. समासात पेन्सिलीने बारीक आकडे आहेत, ते खोडलेले दिसतात.

आता तिच्या चुकीचा प्रवास बघा. नॉट सुटलं, म्हणजे तिच्या दृष्टीने Q हा B च झाला. Q चा कॉलम तिने लिहिला असता तर तो आठच्या आठ ओळींत चुकला असता, कारण B आणि B चं उलट कधीच सारखे नसतात. पुढे R मध्ये या Q ची C शी अँड होते. C 0 असला की Q काहीही असो, उत्तर 0. म्हणजे पहिली, तिसरी, पाचवी, सातवी या ओळींत Q ची चूक R पर्यंत पोचतच नाही. C 1 असलेल्या चार ओळी उरल्या: दुसरी, चौथी, सहावी, आठवी. R इथे चुकला. पुढे ऑर आहे. आठव्या ओळीत A आणि B दोन्ही 1, म्हणून P आधीच 1. ऑरला एक 1 मिळाला की दुसरीकडे काय आहे याने काही बिघडत नाही. तिचा R तिथे 1 आला होता, हवा होता 0, पण Y दोन्ही तऱ्हेने 1 च. आठ चुकांच्या चार झाल्या, चारच्या तीन.

म्हणून तिला सांगा, आठव्या ओळीवर फुली नाही, तरी ती ओळ बरोबर नव्हती. वर्कशीटमध्ये मधल्या कॉलमांना मार्क असते तर तिथेही गेले असते. तीनच ओळी चुकल्या म्हणजे थोडंसंच चुकलं, असा हिशेब इथे चालत नाही. तुमच्या ऑफिसात दोन नोंदी चुकतात, एकमेकींना खाऊन टाकतात आणि ट्रायल बॅलन्स जुळतो, तसंच हे.

याचाच उपयोग उलट्या बाजूने करता येतो: चुकलेल्या ओळी बघून चूक कुठली ते ओळखणं. तिन्ही फुल्या C 1 असलेल्या ओळींवर आहेत, तर बिघाड C जिथे जातो त्या फांदीत, म्हणजे खालच्या अँडच्या आसपास. वरच्या फांदीत C जातच नाही. तिथे काही चुकलं असतं तर एखादी फुली C 0 असलेल्या ओळीवरही पडली असती. तुम्ही वेगळा फोटो पाठवला असता आणि फुल्या वेगळ्या ओळींवर असत्या, तर माझं उत्तरही वेगळं आलं असतं.

उदाहरणार्थ, अशा उभ्या तारांच्या चित्रात आणखी एक चूक नेहमी होते. B वरून निघालेली आडवी तार उजवीकडे जाताना C ची उभी तार ओलांडते. जिथे तारा खरोखर जोडलेल्या असतात तिथे भरीव ठिपका असतो. दोन तारा अधिकच्या खुणेसारख्या नुसत्या एकमेकींवरून गेल्या आणि ठिपका नाही, तर तिथे जोड नाही. एक दुसरीवरून पार जाते, इतकंच. फोटोत ठिपका पुसट होतो, किंवा कागदावरचा डाग ठिपक्यासारखा दिसतो, आणि मुलं समजतात की तार C वरून निघाली. तसं धरलं तर नॉटला C जातो, आणि खालच्या अँडला C आणि C चं उलट असे दोन्ही मिळतात. हे दोन एकाच वेळी 1 कधीच नसतात, म्हणून R पूर्ण 0, आणि Y मध्ये फक्त शेवटच्या दोन ओळी 1. मग फुल्या दुसऱ्या आणि सहाव्या ओळीवर येतात, चौथी सुटते. तुमच्या मुलीची चौथीही चुकली आहे, म्हणून ठिपक्याची ही चूक तिने केलेली नाही हे नक्की. एखाद्या अँडमध्ये एकच अक्षर सरळ आणि उलटं दोन्ही शिरताना दिसलं, तर आधी आपल्या वाचण्यावर शंका घ्यावी. असा अँड काहीच काम करत नाही, आणि वर्कशीट काढणारा तो सहसा काढत नाही.

गेटच्या आकारांचं थोडक्यात सांगतो, कारण या फोटोत ते बरे दिसतात. अँडची पाठ सरळ उभी रेघ असते आणि पोट अर्धगोल. ऑरची पाठ आत वळलेली असते आणि नाक टोकदार. धूसर फोटोत नाक आधी बोथट होतं आणि ऑर अँडसारखा दिसू लागतो. म्हणून नाकावर विसंबू नये, पाठ बघावी. या सर्किटमध्ये शेवटचा ऑर अँड समजला तर Y आठही ओळींत 0 येतो, कारण P ला B 1 लागतो आणि R ला B 0 लागतो, दोघं एकत्र 1 होऊच शकत नाहीत. वरचा किंवा खालचा अँड ऑर समजला तर आठपैकी सात ओळी 1 होतात. कॉलम असा एकसुरी आला, सगळे 0 किंवा एक सोडून सगळे 1, की पुन्हा फोटोकडे जावं. एकसुरी कॉलम चुकीचाच असतो असं नाही, तीन इनपुटांच्या साध्या ऑरला सात ओळी 1 येतातच. पण चार गेटांचं सर्किट काढून शेवटी सगळे 0, असा प्रश्न कोणी मुद्दाम काढेल का, एवढं स्वतःला विचारावं.

मग तिने करायचं काय? फोटोवरून थेट टेबल भरू नये. आधी सर्किट वहीत आपल्या हाताने काढावं, अर्धं पान घेऊन, आणि काढतानाच मधल्या प्रत्येक तारेवर P, Q, R लिहावं. हाताने काढताना तो त्रिकोण तिला काढावाच लागेल, आणि काढताना हात थांबेल: याच्या टोकावर गोल आहे की नाही? नुसतं बघताना हा प्रश्न पडत नाही. तो पडला की उत्तर कागदाच्या मथळ्यातच सापडतं. वर्कशीटवर वर छापलं आहे, अँड, ऑर आणि नॉट. बफर त्यांनी अजून शिकवलेला नाही, मग या कागदावर बफर असेल कशाला? सर्किटमध्ये नॉट म्हणता येईल असं दुसरं चिन्हही नाही. म्हणजे बबल दिसो न दिसो, तो त्रिकोण नॉटच. तरीही खात्री वाटत नसेल तर टेबलच्या वर एक ओळ लिहावी: "त्रिकोण नॉट गेट धरला आहे." कुठल्याही तपासणाऱ्याला तेवढं पुरतं, आणि उत्तर चुकलं तरी का चुकलं ते त्याला लगेच दिसतं.

टेबल भरून झालं की एक पडताळा घ्यायला सांगा, तो फक्त या सर्किटपुरता आहे पण मजेचा आहे. B 1 असेल तर खालची फांदी बंद पडते (Q 0 होतो) आणि वरच्या अँडमधून A जसाच्या तसा बाहेर येतो. B 0 असेल तर वरची फांदी बंद आणि खालून C जसाच्या तसा. म्हणजे Y हा कधी A ची नक्कल, कधी C ची, आणि कुणाची ते B ठरवतो. टेबलात बघा: तिसरी, चौथी, सातवी, आठवी या ओळींत B 1 आहे, तिथे A 0, 0, 1, 1 आणि Y ही 0, 0, 1, 1. उरलेल्या चार ओळींत C 0, 1, 0, 1 आणि Y ही तसाच. तिच्या कॉलमला हा पडताळा लावला असता तर दुसऱ्याच ओळीत अडकली असती: B 0, C 1, तरी Y 0. पुढे हे सर्किट तिला मल्टिप्लेक्सर या नावाने भेटेल, तेव्हा त्यात नवीन काही वाटणार नाही.

तुमचं एक्सेल आता कामाला येतं. पहिल्या ओळीत मथळे द्या: A, B, C, P, Q, R, Y. दुसऱ्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत 0 आणि 1 चे आठ संच टाका. A मध्ये आधी चार 0, मग चार 1. B मध्ये दोन-दोनच्या जोड्या. C मध्ये आलटून पालटून. मग दुसऱ्या ओळीत ही सूत्रं:

```
D2:  =IF(AND(A2=1,B2=1),1,0)
E2:  =1-B2
F2:  =IF(AND(E2=1,C2=1),1,0)
G2:  =IF(OR(D2=1,F2=1),1,0)
```

चारही खाली ओढा, झालं. मथळ्याची ओळ धरल्यामुळे वर्कशीटची दुसरी ओळ इथे तिसरी असेल, फुल्या जुळवताना तेवढं लक्षात ठेवा. ऑरच्या जागी साधी बेरीज टाकायचा मोह होईल, कारण पुस्तकात ऑरची खूण अधिकचीच असते. टाकू नका. या सर्किटमध्ये P आणि R एकत्र 1 होत नाहीत म्हणून इथे बेरीज चालून जाईल, आणि पुढच्या वर्कशीटला दोन्ही 1 आले की उत्तरात 2 दिसेल. गेटच्या हिशेबात 1 आणि 1 ची ऑर 1 च.

एक्सेलला एक मर्यादा आहे, आणि ती तुमच्याच हातात आहे. मुलीने तोंडाने सांगितलं, "आई, खालच्या अँडला B आणि C," आणि तुम्ही तसं सूत्र लिहिलं, तर एक्सेल तिचंच चुकीचं उत्तर आठही ओळींत बरोबर म्हणून दाखवेल. म्हणून फोटो तुम्ही स्वतंत्रपणे वाचायचा, सूत्रं तुमच्या वाचण्यावरून लिहायची, आणि दोघींचे कॉलम नंतर जुळवायचे. जिथे जुळणार नाहीत तिथे दोघी मिळून फोटोकडे. गेट न येणं इथे तुमच्या फायद्याचं आहे: त्रिकोण हा बाण असेल, असं गृहीत धरण्याची सवय तुम्हाला नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये ट्रेनर किट असेल तर हेच सर्किट पंधरा-वीस मिनिटांत बांधून एलईडीवर बघता येतं. 7408 मधले दोन अँड, 7404 मधला एक नॉट, 7432 मधला एक ऑर. तिन्ही चिपना 14 नंबरच्या पायाला 5 व्होल्ट आणि 7 नंबरच्या पायाला ग्राउंड. साध्या टीटीएल चिपमध्ये सुटी राहिलेली इनपुट तार 1 सारखी वागते. नॉटकडे जाणारी B ची तार ब्रेडबोर्डवर सैल राहिली, तर नॉटला कायम 1 दिसतो, Q कायम 0, आणि एलईडी दुसऱ्या आणि सहाव्या ओळीत लागायचा तो लागत नाही. ओळखीच्या ओळी वाटल्या ना? ठिपक्याच्या चुकीतही याच दोन फसतात. लॅबमध्ये अशा वेळी मुलं चिप बदलत बसतात, तर दोष एका तारेचा असतो.

सरांशी तिलाच बोलू द्या. तुम्ही गेलात तर बोलणं मार्कांवर जाईल. तिने नवं काढलेलं सर्किट आणि सात कॉलमांचं टेबल घेऊन जावं, आणि मूळ छापील कागद एकदा बघायला मागावा. बबल तिथे दिसला की तिचं समाधान होईल. ग्रुपवर पुढचा कागद टाकताना तो डॉक्युमेंट म्हणून टाकता येईल का, हेही तिने विचारावं. फोटो म्हणून पाठवला की तो आकाराने कमी केला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ जसाच्या तसा पोचतो. आणि फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढला, कागद सपाट ठेवून, कूलरच्या झोतापासून दूर, तर निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. हे शेवटचं वाक्य तिने सरांना सांगायचं की नाही ते तिच्यावर सोडा, सर कसे आहेत ते तिला ठाऊक असेल.